‘सर्व ओके’ लिहून घरी जाऊ नका

पाली आणि सुधागडातली बरीच मंडळी पाळीत काम करतात. कोणी नागोठण्याला जातो, कोणी खोपोलीला, कोणी धाटावच्या किंवा विळे-भागाडच्या एमआयडीसीत. काहींच्या घरचीच भातगिरणी असते, सुगीत तीही दोन पाळ्यांत चालते. यंत्रे वेगळी असली तरी यंत्राशेजारी टांगलेली वही बहुतेक ठिकाणी सारखीच दिसते: तारीख, पाळी, ‘सर्व ओके’, सही. पान उलटा, पुन्हा तेच. यंत्र बंद पडून साहेब वही मागतात तेव्हा आदल्या तीन दिवसांच्या नऊ पाळ्यांत नऊ वेळा ‘ओके’ सापडते, आणि त्यातून कोणालाच काही कळत नाही.

हे आवाहन दोघांना आहे. एक, वही भरणारा ऑपरेटर, फिटर किंवा हेल्पर. दुसरा, वहीचा नमुना ठरवणारा सुपरवायझर किंवा लहान कारखान्याचा मालक. दोष बहुतेक वेळा पहिल्याला लावतात, पण माझ्या मते त्यातला मोठा वाटा दुसऱ्याचा आहे. ज्या नमुन्यात ‘शेरा’ नावाचा एकच रुंद रकाना आहे, त्यात माणूस ‘ओके’ सोडून काय लिहिणार?

नमुना आखण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या. ही वही ज्याच्याशी आपली गाठ पडणार नाही अशा माणसासाठी लिहायची आहे. रोज रिलिव्हर येतो, आपण त्याला तोंडी सांगतो, ते ठीकच. पण अंबेला पूर येऊन रस्त्यावर पाणी आले की गाड्या थांबतात आणि रिलिव्हर पलीकडे अडकतो, हे आपल्याला नवीन नाही. गौरी-गणपतीत किंवा माघी उत्सवात निम्मी पाळी रजेवर असते आणि दुसऱ्या विभागातला माणूस यंत्रावर उभा राहतो. त्याने ते यंत्र कधी चालवलेले नसते. वहीतली ओळ त्याला एकट्याला वाचून कळली पाहिजे, या कसोटीवर प्रत्येक रकाना ठेवायचा किंवा काढायचा.

आता एकच यंत्र घेऊ, कारण नमुना हवेत आखता येत नाही. थंड पाण्याचा एक पंप, नंबर २. त्याला पंधरा किलोवॉटची, म्हणजे वीस एचपीची मोटर, फेरे मिनिटाला साधारण १४४०, नेमप्लेटवर २८ अँपिअर. पंपाला ग्लँड आहे, त्यात डोरी भरलेली. मोटरच्या कपलिंगकडच्या बाजूला ६३०९ नंबरचे बेअरिंग आणि त्याला ग्रीस भरायचे निप्पल. असा पंप तुमच्याकडे नसला तरी याचा भाऊबंद कुठे ना कुठे असेलच. पुढची हकीकत कुठल्या एका कारखान्याची नाही, समजण्यासाठी मांडली आहे. पण तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिलेली असणार.

सोमवारी सकाळी साडेदहाला पहिल्या पाळीतला हेल्पर ग्रीस गन घेऊन फिरतो आणि पंप नंबर २ च्या निप्पलला दहा-बारा स्ट्रोक मारतो. ते त्याचे रोजचे काम, म्हणून वहीत काही लिहीत नाही. पाळीची ओळ: ‘सर्व ओके’. दुपारी चारला दुसऱ्या पाळीतला ऑपरेटर मोटरवर हात ठेवतो. बेअरिंग जास्त गरम लागते. टेम्परेचर गन लावली तर ६७ अंश. गरम म्हणजे कोरडे, असे त्याच्या डोक्यात पक्के बसलेले असते. तो आणखी दहा स्ट्रोक मारतो आणि लिहितो, ‘ग्रीसिंग केले’. किती, कधी, कशासाठी, काही नाही. तिसऱ्या पाळीत रात्री एकला ७४ अंश. हवा तर थंड झालेली, २७ अंशांवर आलेली. त्या पाळीचा ऑपरेटर वहीत पाहतो, ‘ग्रीसिंग केले’ दिसते, पण ते आजचे की कालचे ते कळत नाही, कारण मध्यरात्रीनंतरची तारीख कोणती लिहायची हेच ठरलेले नाही. तोही ग्रीस मारतो. मंगळवारी सकाळी ७९ अंश. फिटर मोटर उतरवतो, बेअरिंग बदलतो, चार तास पंप बंद. काढलेले बेअरिंग पाहिले तर गोळ्या आणि रिंगा स्वच्छ, कुठे खड्डा नाही, रंग बदललेला नाही. ग्रीस मात्र गच्च भरलेले, आतल्या बाजूने वाइंडिंगपर्यंत गेलेले.

बेअरिंग मुळात कधीच बिघडले नव्हते. जास्त ग्रीस भरले की गोळ्या ते घुसळत राहतात आणि त्या घुसळण्याचीच उष्णता होते. ६३०९ बेअरिंगचा बाहेरचा व्यास १०० मिलिमीटर, रुंदी २५. बेअरिंग बनवणाऱ्यांचा साधा हिशेब असा की व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५ केले की एका वेळी भरायचे ग्रीस ग्रॅममध्ये मिळते. इथे ते साडेबारा ग्रॅम होते. तेही रोज नाही. अशा मोटरला दोन ग्रीसिंगमध्ये कित्येक हजार तास जाऊ शकतात, नेमका आकडा मोटरच्या पुस्तकात दिलेला असतो. आपल्या गनचा एक स्ट्रोक किती ग्रॅमचा, हे मात्र कोणत्याच पुस्तकात मिळणार नाही. दहा स्ट्रोक कागदावर काढा, किराणा दुकानाच्या काट्यावर तोला, दहाने भागा. बहुतेक हातगन एक-दीड ग्रॅमच्या आसपास येतात. तो आकडा गनवर रंगाने लिहून ठेवा. (ज्या मोटरला निप्पलच नाही, तिचे बेअरिंग बहुधा दोन्ही बाजूंनी बंद असते. तिथे ग्रीस मारायची हौस करू नका.)

हे तीन माणसांचे अज्ञान आहे असे म्हणून विषय मिटवता येईल. मला तसे वाटत नाही. तिघांनी आपल्या माहितीप्रमाणे बरोबरच केले. प्रत्येकाला आधीच्या माणसाने काय केले ते कळले असते तर पहिल्याच वेळी गोष्ट थांबली असती. तीच सोमवारची दुपार, फक्त वहीत ही ओळ असती तर:

‘१०:३०. मोटरला ग्रीस, १० स्ट्रोक, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे. आधी बेअरिंग ५८, हवा ३२. ड्रेन प्लग उघडा ठेवला आहे, ३ वाजेपर्यंत बंद करायचा.’

चार वाजता ६७ वाचणाऱ्या ऑपरेटरला लगेच कळते की तापमान ग्रीसिंगमुळे चढले आहे. ग्रीस भरल्यावर काही तास ते चढते, जादा ग्रीस ड्रेनमधून बाहेर पडते आणि मग उतरते. तो फक्त ड्रेन प्लग पाहतो. सकाळच्या माणसाने तो बंद केला असेल तर पुन्हा उघडतो. ग्रीस मारत नाही, आणि सात वाजता पुन्हा आकडा घेतो. ६४ आला तर वाट पाहायची. रात्री अकराला ६० आला तर विषय संपला. न उतरता वाढतच गेला, किंवा बेअरिंगमधून खरखर ऐकू येऊ लागली, तर बेअरिंगच खराब आहे असे धरून फिटरला बोलवायचे. दोन्ही शक्यतांचे उत्तर देते ते ‘केव्हा, किती, आधी किती होते’ या तीन तुकड्यांचे लिखाण.

आता या हकीकतीतून रकाने काढू. वरच्या पट्टीत पंपाचा नंबर, तारीख, पाळी आणि तासमीटर असेल तर त्याचा आकडा. त्याखाली मोजमापांची पट्टी: मोटरचे अँपिअर, डिलिव्हरी प्रेशर, बेअरिंगचे तापमान, हवेचे तापमान, दोन्हींतला फरक, ग्लँडमधून मिनिटाला पडणारे थेंब. पाच मोजमापे आणि एक वजाबाकी, याहून जास्त नको. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर चांगल्या स्थितीत तो आकडा कुठून कुठपर्यंत असतो ते छापायचे. या पंपाला अँपिअर २२ ते २७, ग्लँडचे थेंब ४० ते ६०. आपल्या पंपाचे आकडे पुस्तकातून आणि पंप नीट चालू असताना घेतलेल्या नोंदींवरून ठरवा, शेजारच्या कारखान्यातून उतरवू नका. मर्यादा डोळ्यांसमोर नसेल तर ३१ अँपिअर लिहूनही माणूस शेवटी ‘ओके’ म्हणतो, कारण त्याच्यासाठी ३१ हा नुसता आकडा असतो.

हवेच्या तापमानाचा रकाना पाहून सुपरवायझर मंडळी कपाळाला आठ्या घालतात. पण आपल्या कोकणपट्टीत त्यावाचून बेअरिंगच्या तापमानाला अर्थ नाही. मेच्या दुपारी हवा ३६ आणि बेअरिंग ६२, जुलैच्या रात्री हवा २५ आणि बेअरिंग ५१. दोन्हींत फरक २६, म्हणजे बेअरिंगची तब्येत एकच. उलट जुलैच्या रात्री ६२ आले तर फरक ३७ होतो आणि ते काळजीचे आहे, पण मेचे ६२ पाहिलेल्या माणसाला ते नेहमीचे वाटेल. वरच्या हकीकतीत सोमवारी सकाळी फरक २६ होता, रात्री ४७. नुसते तापमान पाहणाऱ्याला सोळा अंशांची वाढ दिसली, प्रत्यक्षात ती एकवीस होती. टेम्परेचर गन नेहमी एकाच जागी धरायची, म्हणून मोटरवर पांढऱ्या रंगाचा ठिपका करा. चकचकीत धातूवर गन खोटा आकडा दाखवते, रंगवलेल्या जागी बरोबर दाखवते. ठिपका त्यासाठीही हवा.

ग्लँडचे थेंब पाहून नवीन मुले घाबरतात आणि नट आवळत सुटतात. डोरीच्या ग्लँडमधून थोडे पाणी गळायलाच हवे, त्यानेच डोरी आणि शाफ्टचे स्लीव्ह थंड राहते. थेंब बंद झाले तर डोरी जळते. वहीत ‘ग्लँड लीक’ असे लिहू नये ते यासाठी. ‘थेंब ९०, दोन्ही नट पाव-पाव फेरा आवळले, आता ५५’ असे लिहावे.

मोजमापांच्या पट्टीखाली घटनांचा भाग. त्यात चारच रकाने ठेवा: वेळ, काय दिसले, काय केले, काय राहिले. सही शेवटी. ‘शेरा’ हा शब्द नमुन्यातून काढून टाका. मी तरी त्या रकान्यात कामाची ओळ क्वचितच वाचली आहे.

‘काय दिसले’ आणि ‘काय केले’ वेगळे ठेवण्यात खरी मेख आहे. आपल्याकडे निकाल आधी लिहायची सवय असते. ‘मोटर जळाली’ हा निकाल झाला. दिसले ते असे: ‘०२:४०. पंप आपोआप बंद. ओव्हरलोड रिले ट्रिप. बंद पडण्याआधीचे शेवटचे अँपिअर ३४. वास नाही. स्विच बंद करून कुलूप लावल्यावर शाफ्ट हाताने फिरत नाही.’ ही ओळ वाचून सकाळी आलेला इलेक्ट्रिशियन मोटर उघडत बसत नाही. शाफ्ट फिरत नाही आणि वास नाही म्हणजे आधी पंपाकडे पाहावे, आत काही अडकले असेल किंवा बेअरिंग धरले असेल, हे त्याला तिथेच सुचते. ‘मोटर जळाली’ वाचून त्याने मोटर वाइंडिंगवाल्याकडे पाठवली असती आणि दोन दिवस गेले असते.

लिहिण्याच्या सूचना नमुन्याच्याच पहिल्या पानावर छापाव्यात. फलकावर लावलेल्या सूचना कोणी वाचत नाही. सूचना थोड्या असाव्यात आणि प्रत्येकीमागचे कारण एका वाक्यात असावे, कारण कळल्याशिवाय माणूस नियम पाळत नाही. मी असल्या पानावर काय छापीन ते सांगतो.

वेळ चोवीस तासांच्या घड्याळाची. तिसऱ्या पाळीची तारीख म्हणजे पाळी सुरू झाली त्या दिवसाची. १४ तारखेला रात्री सुरू झालेल्या पाळीत पहाटे अडीचला काही घडले तर पान १४ चेच राहील आणि वेळ ०२:३० लिहायची. हे एकदा ठरले की ‘आजचे की कालचे’ हा घोळ राहत नाही.

आकडे एकाच पद्धतीचे, मीटरवर दिसतात तसे इंग्रजी. हा मराठीच्या अभिमानाचा प्रश्न नाही. घाईत लिहिलेला मराठी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी चार इंग्रजी आठसारखा. एका वहीत दोन्ही चालले तर ४१ अंश कोणी ८९ वाचील. शब्द मात्र मराठी किंवा हिंदी चालतील. आपल्या भागातल्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाकडची मुले भरपूर आहेत. त्यांना यांपैकी जमेल त्या भाषेत लिहू द्या, वाक्य नीट नसले तरी टोकू नका.

‘वरीलप्रमाणे’ नको, आणि वरच्या ओळीची नक्कल दाखवणारी दोन टिंबेही नकोत. यंत्र बंद असेल तर रकाना रिकामा ठेवायचा नाही, रेघही मारायची नाही. ‘बंद’ लिहून कारण द्यायचे: काम नाही, लाइट नाही, दुरुस्ती. रिकामा रकाना पाहून पंप बंद होता की पाहायचे राहिले, हे सहा महिन्यांनी सांगता येत नाही. पावसाळ्यात काही दिवस बंद राहिलेली मोटर चालू करण्यापूर्वी इलेक्ट्रिशियन मेगर लावतो, तो आकडाही इथेच यावा. एक मेगोहमच्या खाली असेल तर मोटर सुकवल्याशिवाय चालू करायची नाही.

चुकले तर एकच आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि आद्याक्षरे. व्हाइटनर नको. आधी काय लिहिले होते हेही कधी कधी कामाचे असते.

तात्पुरती केलेली प्रत्येक गोष्ट लाल पेनाने. कपलिंगवरचा गार्ड काढून ठेवला, प्रेशर स्विच बायपास केला, बोल्टच्या जागी तार बांधली, ओव्हरलोड रिलेचे सेटिंग वाढवले. आपण सगळे जुगाड करतो, पाळी काढायची असते. पण पुढच्या माणसाला तो जुगाड यंत्राचाच भाग वाटतो. प्रेशर स्विच बायपास केलेला आहे हे त्याला माहीत नसेल तर पंप आपोआप बंद पडेल या भरवशावर तो जेवायला जातो. गार्ड काढून यंत्र चालवायला लाल शाईने परवानगी मिळत नाही, हेही तिथेच छापा.

आणि ‘काय राहिले’ हा रकाना. माझ्या मते सगळ्या वहीत हा सर्वांत मोलाचा, आणि नमुना आखताना सर्वांत जास्त चुकतो तोही हाच. ६ जुलै १९८८ ला स्कॉटलंडजवळच्या समुद्रात पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर १६७ माणसे मेली, त्या दुर्घटनेची सुरुवात एका पंपापासून झाली. दोन पंपांपैकी एकाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता आणि पाइपच्या तोंडावर झाकण बसवले होते. काम दिवसपाळीत पुरे झाले नाही. त्या पंपाच्या दुरुस्तीचा कागद एक होता आणि व्हॉल्व्हच्या कामाचा दुसरा. रात्री चालू पंप बंद पडला, तो पुन्हा सुरू होईना. तेव्हा रात्रपाळीच्या लोकांनी दुसरा पंप चालू करायचे ठरवले. त्यांना पंपाच्या दुरुस्तीचा कागद माहीत होता, व्हॉल्व्ह जागेवर नाही हे माहीत नव्हते. लॉर्ड कलन यांच्या चौकशीत पाळी बदलताना ही माहिती पुढे न गेल्याचे ठळकपणे आले. तिथे कागद लिहिलेले होते, फक्त एका पंपाबद्दलची माहिती एका जागी नव्हती.

म्हणून राहिलेले काम त्या दिवसाच्या पानावर सोडून देऊ नका, पान उलटले की ते काम नजरेआड होते. प्रत्येक पानाच्या वरच्या बाजूला, मोजमापांच्याही आधी, ‘मागून आलेले काम’ अशी तीन-चार ओळींची जागा ठेवा. राहिलेल्या कामाला नंबर द्या. नवी पाळी आली की आधीच्या पानावरची खुली कामे आपल्या हाताने वर उतरवून घ्यायची. हे रटाळ आहे, मला मान्य आहे. पण हाताने उतरवताना माणूस ते वाचतो, नुसती सही करताना वाचत नाही. काम पूर्ण करणाऱ्यानेच ते खोडायचे, दुसऱ्याने नाही. एखादे काम दहा पाळ्या वर येत राहिले तर तेच सुपरवायझरच्या अंगावर येते, आणि यायलाच हवे.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगतो. ‘पंप नंबर २ दुरुस्तीत, चालू करू नये’ असे वहीत लिहिले म्हणजे पंप बंद राहील असे नाही. वही टेबलावर असते आणि स्टार्टरचे बटण यंत्रापाशी. फिटरचा हात आत असताना स्विचला कुलूप हवे, त्यावर नावाची पाटी हवी, आणि चावी त्या फिटरच्या खिशात. वहीत कुलपाचा नंबर आणि वेळ लिहा, पण कुलपाच्या जागी वही वापरू नका. तसेच कंप्रेसरची हवेची टाकी, चेनब्लॉक, क्रेन यांच्या कायद्याने ठरलेल्या तपासण्या सक्षम व्यक्तीकडून होतात आणि त्यांच्या नोंदवह्या वेगळ्या असतात. पाळीच्या वहीत त्या मिसळल्या तर दोन्ही बिघडतात.

मोजमापे किती वेळा घ्यायची यावर नेहमी वाद होतो. वरचे साहेब दर तासाचा आग्रह धरतात. माझा अनुभव असा की एका ऑपरेटरकडे पाच यंत्रे असतील तर दर तासाची वही पाळी संपताना एका बैठकीत भरली जाते. अशी वही ओळखू येते. आठही ओळी एकाच शाईत, एकाच तिरकसपणाने, आणि कागदावर ग्रीसच्या बोटांचा एकही डाग नाही. आकडे ५४, ५४, ५५, ५४. हवेचे तापमान दुपारी एकला आणि पहाटे तीनला सारखेच. खोट्या आठ ओळींपेक्षा खऱ्या दोन बऱ्या: चार्ज घेतल्यावर पहिल्या तासात एक आणि चार्ज देण्याआधी तासभर एक. आकडा मर्यादेबाहेर असेल तरच पुढे दर तासाला, तो परत आत येईपर्यंत.

मालकांना आणि सुपरवायझरना एक सांगायचे आहे. ‘बेअरिंग गरम’ लिहिणाऱ्याला ‘मग तू काय करत होतास’ असे एकदा विचारलेत, की पुढच्या आठवड्यापासून सगळ्या वहीत ‘सर्व ओके’ सुरू होते. आणि लिहिलेल्याला उत्तर नाही मिळाले तरी तेच होते. नमुन्यात खालच्या बाजूला सुपरवायझरच्या उत्तराची ओळ ठेवा. रोज सकाळी तिथे सही नाही, उत्तर लिहायचे: ‘डोरी मागवली, गुरुवारी येईल’, ‘तोपर्यंत पंप नंबर १ चालवा’. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फोटो टाकला तर माणूस लवकर येतो, तो जरूर टाका. पण सहा महिन्यांनी तोच पंप पुन्हा गरम झाला तर फोटो शोधत कोणी बसत नाही. बेअरिंग बदलले तर जुन्याचा आणि नव्याचा नंबर, कंपनी आणि कोणते ग्रीस भरले ते वहीतच यायला हवे. लिथियमचे आणि पॉलीयुरियाचे ग्रीस एकमेकांत मिसळले तर पातळ होऊन वाहू शकते, आणि आधी कोणते होते हे फक्त वहीच सांगते.

वही बांधलेली, पानांना छापील नंबर असलेली घ्या. सुटे कागद आपल्या पावसात टिकत नाहीत. जेल पेनची शाई दमट हवेत फुटते, साधे बॉलपेन दोरीने बांधा, एक निळे आणि एक लाल. वहीला प्लास्टिकचे कव्हर घाला आणि ती पंपापासून दहा पावलांच्या आत ठेवा. ऑफिसात ठेवलेली वही आठवणीतून भरली जाते.

आणि छापखान्यात जायची घाई करू नका. एका यंत्राचा नमुना हाताने आखा, झेरॉक्स काढा, दोन आठवडे तिन्ही पाळ्यांत चालवा. मग ती सगळी पाने तिन्ही पाळ्यांतल्या एकेका माणसाबरोबर बसून पाहा. जो रकाना सतत कोरा राहिला तो काढा, किंवा मोजायला अवघड असेल तर मोजण्याची जागा सोपी करा. कडेच्या मोकळ्या जागेत पुन्हा पुन्हा जे लिहिले गेले त्याला रकाना द्या. आमच्याकडे असेच कडेला ‘सांडपाण्याचा पंप चालू केला’ असे दर पावसाळी रात्री लिहिलेले सापडले होते आणि त्याचा रकाना कोणाच्या डोक्यातही आला नव्हता. दुरुस्त केलेला नमुना आणखी एक आठवडा चालवा, त्यानंतर दुसऱ्या यंत्राला हात लावा.